आधीच्या स्टेशनावर जाग

बोगदा संपत नव्हता. मला जाग आली ती त्या आवाजानंच. उघड्यावरून धावणाऱ्या गाडीचा आवाज दूर पसरत जातो, बोगद्यातला मात्र भिंतींवर आपटून परत आपल्याकडेच येतो. कोकणच्या रात्रगाडीत हा आवाज अधूनमधून येतोच, मिनिटभर टिकतो आणि निघून जातो. त्या रात्री तो जाईना. तीन मिनिटं झाली, चार झाली. मी उठून बसले. माझं माहेर चिपळूण. मुंबईकडून चिपळूणला पोहोचेपर्यंत एवढा लांब बोगदा लागत नाही, हे मला लहानपणापासून पाठ आहे. साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा लागतो तो चिपळूण मागं टाकून, संगमेश्वर आणि उक्षी ओलांडून, रत्नागिरीच्या तोंडाशी.

समोरच्या बर्थवर एक गृहस्थ बॅग आवरत होते. मी विचारलं, "कुठं आलं हो?"

"उक्षी मगाशीच गेलं. आता रत्नागिरी. तुम्हाला कुठं उतरायचंय?"

मला उत्तर देववेना. उशीखालचा फोन काढला, तर तो बंद पडला होता. निजताना पंचवीस टक्के चार्ज होता, आणि रात्रभर चार्जरला लावून ठेवू या भरवशावर मी त्यावरच गजर लावला होता. गाडीतले चार्जिंग पॉइंट रात्री बंद ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. तिकडं चिपळूणच्या फलाटावर माझा भाऊ रिक्षा थांबवून उभा होता आणि बंद फोनवर पुन्हा पुन्हा फोन लावत होता. गाडी तिथं दोन मिनिटं थांबली होती. त्या दोन मिनिटांत मी त्याच्यापासून वीसेक पावलांवर गाढ झोपेत होते.

त्यानंतरच्या दीड वर्षात मी कोकणात जितक्या वेळा गेले, तितक्या वेळा हा विषय सोबत होता. डब्यातले अटेंडंट, टीसी, दर महिन्याला गावी जाणारे चाकरमानी, जो भेटेल त्याला मी विचारत गेले. मोबाइलच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या बहिणीच्या मुलाला समोर बसवून फोनचं वागणं समजून घेतलं. या सगळ्यातून जे हाती आलं ते एका वाक्यात सांगता येतं: रात्रीच्या गाडीत गजर आपल्या स्टेशनाचा लावायचा नसतो, आधीच्या स्टेशनाचा लावायचा असतो. हे फोनला लागू आहे, माणसांना तर त्याहून जास्त.

घड्याळाचा गजर

स्थळ ओळखून वाजणारे गजर आल्यापासून साध्या वेळेच्या गजराला लोक जुनाट समजू लागले आहेत. गाडीच्या वेळेचा भरवसा नसतो, मग घड्याळाचा काय उपयोग, असं अनेकांनी मला विचारलं. याचं उत्तर चूक कुठल्या दिशेला होते यात आहे. वेळापत्रकात रत्नागिरीची जी वेळ असेल तिच्या पाऊण तास आधीचा गजर लावला आणि गाडी दीड तास उशिरा धावत असली, तर आपली झोपमोड होते. नुकसान तेवढंच. ज्या स्थानकावर उतारू चढतात तिथून गाडी ठरल्या वेळेआधी सुटत नाही. त्यामुळे घड्याळाचा गजर चुकला तरी सुरक्षित बाजूला चुकतो. स्थळाचा गजर चुकतो तेव्हा तो उशिरा वाजतो किंवा वाजतच नाही.

म्हणून घड्याळाचा गजर हा पाया धरावा. त्यानं उठवलं की गाडी कुठं आहे ते पाहायचं. उशीर असेल तर पुन्हा झोपायलाही हरकत नाही, पण तेव्हा एक पथ्य पाळायचं. गाडी साठ मिनिटं उशिरा आहे म्हणून पुढचा गजर साठ मिनिटांनी ढकलायचा नाही, तीसच मिनिटांनी ढकलायचा. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी आपली गाडी एखाद्या लहान स्थानकावर खोळंबते, तशी पुढची दोन क्रॉसिंग टळली तर गेलेला वेळ भरूनही काढते. झोपण्यापूर्वी पाहिलेला उशीर पहाटेपर्यंत तेवढाच राहील, हे कुणीच सांगू शकत नाही.

दिवाळीत गावी जाणाऱ्यांसाठी यात एक खास सापळा आहे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. दरडी आणि मातीच्या भीतीनं गाड्यांचा वेग कमी ठेवलेला असतो, त्यामुळे त्या उशिरा पोहोचतात. 2024 मध्ये हे वेळापत्रक 31 ऑक्टोबरपर्यंत होतं, 2025 मध्ये 20 ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे गणपतीला जाऊन आलेला माणूस दिवाळीला पुन्हा निघतो तेव्हा त्याच्या डोक्यात पावसाळ्यातली वेळ पक्की बसलेली असते, आणि गाडी मात्र त्या वेळेच्या आधीच त्याचं स्टेशन सोडून पुढं गेलेली असते. गजर लावताना आठवणीवर जायचं नाही. त्या तारखेची वेळ बघूनच लावायचा.

फोनला जागं ठेवणं

स्थळ ओळखून वाजणारा गजर कितीतरी अ‍ॅपमध्ये असतो. आपल्याकडे रेल्वेसाठी जास्त वापरलं जातं ते ‘व्हेअर इज माय ट्रेन’. बंगळूरच्या सिग्मॉइड लॅब्जनं ते केलं आणि 2018 मध्ये गुगलनं ती कंपनी घेतली. त्याचं बलस्थान असं की इंटरनेट नसताना आणि जीपीएस लागत नसतानाही ते मोबाइलच्या टॉवरवरून गाडी साधारण कुठं आहे याचा अंदाज बांधतं. त्यात स्टेशन निवडून गजर लावता येतो. हा गजर वाजला तर झोप फार हिशेबानं घेता येते. प्रश्न वाजण्याचाच आहे.

भाच्यानं मला सांगितलं, "मावशी, तू झोपलीस की फोनही झोपतो. त्याला तसंच शिकवलंय."

बॅटरी वाचावी म्हणून अँड्रॉइडमध्ये 2015 पासून अशी सोय आहे की पडदा बंद करून फोन बराच वेळ निवांत पडून राहिला, तर आतली कामं एकेक करून थोपवली जातात. 2017 च्या आवृत्तीपासून मागे चालणाऱ्या अ‍ॅपला आपण कुठं आहोत हे तासाभरात मोजक्याच वेळा कळू दिलं जातं. दिवसा रस्त्यावर याचा त्रास जाणवत नाही. रात्री मात्र गाडी मिनिटाला एक किलोमीटर धावत असते. अ‍ॅपला पंधरा मिनिटं आपला ठावठिकाणा मिळाला नाही, तर तेवढ्यात पंधरा किलोमीटर मागं पडलेले असतात.

यातून वाट आहे. अ‍ॅपला ठिकाण वापरण्याची परवानगी देताना ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ एवढीच दिलेली असते, ती ‘नेहमी’ अशी करायची. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचं बंधन काढायचं. गजर लावल्यावर पडद्याच्या वरच्या पट्टीत त्या अ‍ॅपची सूचना सतत दिसत राहिली पाहिजे. ती दिसत असेल तर अ‍ॅप जागं आहे असं समजावं. उघडलेली अ‍ॅप एकेक करून सरकवून बंद करायची सवय अनेकांना असते. त्या फटक्यात हे अ‍ॅपही गेलं, तर काही फोनमध्ये गजरही जातो.

पण सेटिंग बरोबर आहे की नाही हे सेटिंग बघून कळत नाही. त्यासाठी मी एक परीक्षा घेते. दादरला गाडीत बसले की गजर रत्नागिरीचा लावत नाही, ठाण्याचा किंवा पनवेलचा लावते. पडदा बंद करून फोन बाजूला ठेवते आणि जागीच राहते. स्टेशन येण्यापूर्वी गजर वाजला, तर हा फोन या डब्यात, या बर्थवर काम करतो हे कळलं. नाही वाजला, तर त्या रात्री त्याच्यावर विसंबायचं नाही. चूक कळायची तर ती पनवेलला, जागेपणी कळलेली बरी.

‘या बर्थवर’ असं मी मुद्दाम म्हणते. उपग्रहांचे संदेश फार क्षीण असतात आणि डबा पोलादी असतो. खिडकीपाशी ठेवलेल्या फोनला आकाश दिसतं. वरच्या बर्थवर, छपराखाली, पांघरुणात गुंडाळलेल्याला ते जवळपास दिसतच नाही. शिवाय एकदा तुटलेला धागा लगेच जुळतो असं नाही. उपग्रह स्वतःची नेमकी जागा सांगणारी माहिती तीस-तीस सेकंदांच्या फेऱ्यांनी पाठवतो. मध्येच डोंगर, खाच किंवा बोगदा आला की फोनला नव्यानं ऐकत बसावं लागतं. नेटवर्क असेल तर ही माहिती तिकडून पटकन मिळते, नसेल तर वेळ लागतो.

आता करबुड्याकडे येऊ. समजा रत्नागिरी स्टेशनाच्या दहा किलोमीटर आधी वाजेल असा गजर लावला. उक्षी सुटलं की गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरते. तिथं उपग्रह नाही आणि टॉवरचाही भरवसा नाही. दहा किलोमीटरची ती रेघ गाडी डोंगराच्या पोटातच ओलांडू शकते. बाहेर पडली की लगेच भोके येतं, आणि भोक्यानंतर सात-आठ मिनिटांत रत्नागिरी. फोन बाहेर येऊन सावरेपर्यंत, त्यातून अ‍ॅपला ठिकाण कळेपर्यंत, आपल्या हातात तीन-चार मिनिटं उरतात. झोपेतल्या माणसाला ती पुरत नाहीत. म्हणून रत्नागिरीला उतरायचं असेल तर गजर संगमेश्वर रोडचा लावायचा. तिथून रत्नागिरी तीसेक किलोमीटर. गाडी तिथून पुढं अर्धा-पाऊण तास घेते आणि मोठा बोगदा अजून पुढं असतो. चिपळूणला उतरायचं असेल तर खेडचा, कुडाळला उतरायचं असेल तर कणकवलीचा. आपल्या स्टेशनाच्या अलीकडे काय आहे ते नकाशात एकदा बघून ठेवलं की हे ठरवायला मिनिट लागत नाही.

उरलं बॅटरीचं. आगीचा धोका टाळण्यासाठी गाडीतले चार्जिंग पॉइंट रात्री 11 ते पहाटे 5 बंद ठेवायचं रेल्वेनं 2021 मध्ये ठरवलं. काही गाड्यांत ते चालू सापडतात, पण आपल्या गाडीत तसं असेल हे धरून चालणं मला महागात पडलं आहे. जीपीएस चालू ठेवणारं अ‍ॅप रात्रभरात बॅटरी बरीच खातं. त्यामुळे गाडीत चढताना फोन पूर्ण भरलेला हवा, किंवा पॉवर बँक जवळ हवी. आणि घड्याळाचा गजर शक्यतो दुसऱ्याच वस्तूवर असावा. शंभर-दीडशे रुपयांचं सेलवर चालणारं घड्याळही चालतं. दोन्ही गजर एकाच फोनवर असले, तर फोन बंद पडताच दोन्ही जातात.

139 चा इशारा

रेल्वेची स्वतःची सोयही आहे आणि ती फारच थोड्यांना माहीत आहे. 139 या क्रमांकावर फोन करून भाषा निवडायची, मेन्यूतून जागवण्याच्या किंवा गंतव्य स्थानकाच्या इशाऱ्याची सेवा निवडायची, तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर द्यायचा आणि दुजोरा द्यायचा. रात्री 11 ते सकाळी 6 या वेळेत पोहोचणाऱ्यांसाठी ही सेवा आहे. स्टेशन यायच्या साधारण वीस मिनिटं आधी फोनवर इशारा येतो. मेन्यूतले आकडे बदलत असतात, म्हणून ऐकून दाबावेत, आणि हे काम रात्री गाडीत रेंज शोधत करण्यापेक्षा संध्याकाळी घरून करावं. ज्या मोबाइलवर इशारा हवा, त्याच मोबाइलवरून फोन करावा.

या सेवेचा मोठा गुण असा की ती आपल्या फोनच्या नजरेवर अवलंबून नाही. गाडी कुठं आहे हे रेल्वेला तिच्या बाजूनं कळतं. बऱ्याच इंजिनांवर इस्रोच्या मदतीनं यंत्र बसवलेलं आहे, ते दर तीस सेकंदांनी गाडीचं ठिकाण पाठवतं. आपला फोन छपराखाली आंधळा झाला तरी तिकडची माहिती चालू राहते.

तिच्या मर्यादा मात्र समजून घ्यायला हव्यात. पीएनआर लागतो, म्हणजे जनरल डब्यातल्यांना ती नाही. इशारा तिकिटावरच्या स्टेशनाचा येतो. तिकीट सावंतवाडीपर्यंत काढलं आणि मध्येच रत्नागिरीला उतरायचं ठरवलं, तर रत्नागिरीला कुणी उठवणार नाही. शेवटी तो एक फोन कॉल आहे. बऱ्याच फोनमध्ये रात्री अकराला आपोआप ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू होतं, ते एकदा लावून ठेवलेलं आपण विसरलेलो असतो. अनोळखी क्रमांकाचा कॉल तिथं मुकाट येतो आणि मुकाट जातो. घड्याळाचा गजर बहुतेक फोनमध्ये यातून सुटतो, कॉल सुटत नाही. त्या रात्रीपुरतं ते बंद करावं.

आणि पुन्हा एकदा बोगदा. रत्नागिरीच्या वीस मिनिटं आधी म्हणजे साधारण उक्षीच्या आसपास. कॉल तिथं लागला तर उत्तम. काही कारणानं हुकला, तर पुढं करबुडे आहे. वीस मिनिटांचा हिशेबही करून पाहावा. नीट जाग यायला पाच, बर्थखालची साखळी सोडून बॅग काढायला पाच, संडासाला जाऊन यायला पाच, आणि झोपलेल्यांच्या पायांतून दारापर्यंत सामान न्यायला उरलेली पाच. तरण्या माणसाला हे जमतं. म्हाताऱ्या माणसाला वेळ अपुरा पडतो.

माणसं

एसी डब्यातल्या अटेंडंटची जागा दाराजवळ असते. उतरणाऱ्यांच्या चादरी-उशा गोळा करायच्या असल्यानं कोण कुठं उतरणार याच्याशी त्याचा रोजचा संबंध असतो. एक अटेंडंट मला म्हणाला, "ताई, मला नुसतं ‘उठवा’ म्हणणारे दहा जण असतात. बर्थचा नंबर सांगत नाही कुणी. पहाटे मी कुणाच्या पांघरुणात डोकावू?" तेव्हापासून मी कागदाच्या चिठोऱ्यावर बर्थ क्रमांक आणि स्टेशन लिहून त्याच्या हाती देते. तो ते खिशात ठेवतो किंवा जागेवर खोचतो. बोलणं विसरलं जातं, चिठ्ठी हाताला लागते. स्लीपरला मात्र अटेंडंट नसतो.

टीसीला सांगावं, पण आधी त्याची ड्यूटी कुठंपर्यंत आहे ते विचारावं. रात्रीत वाटेत माणूस बदलू शकतो, आणि आपण ज्याला सांगितलं तो आपल्या स्टेशनाच्या आधीच उतरून गेलेला असतो. शिवाय एकाकडे अनेक डबे असतात. त्यानं लक्षात ठेवावं अशी अपेक्षा करण्यापेक्षा, गाडी वेळेवर आहे का आणि फलाट कुठल्या बाजूला येतो, हे त्याच्याकडून समजून घेणं जास्त उपयोगाचं.

सहप्रवाशांत आपण बहुतेक वेळा चुकीचा माणूस निवडतो. दिसायला भला, बोलका, पुढं मडगावपर्यंत जाणारा माणूस बघून त्याला सांगतो, "जरा चिपळूणला उठवाल?" तो मनापासून हो म्हणतो आणि मनापासून झोपतो. त्याला चिपळूणला जागं राहायचं कारणच नसतं. आपल्याच स्टेशनावर उतरणाराही पुरता भरवशाचा नाही. तो झोपला तर दोघंही जातात. खरा उपयोगाचा माणूस आपल्या आधीच्या स्टेशनावर उतरणारा असतो. त्याला स्वतःसाठी उठायचंच असतं, सामान घेऊन आपल्या बर्थवरूनच दाराकडे जायचं असतं. जाता जाता आपल्या पायाला हात लावणं त्याला जड नाही. आणि तो उतरला याचाच अर्थ आपलं स्टेशन आता जवळ आलं.

हे मला एका चाकरमान्यानं सांगितलं. वर्षानुवर्षं तो परळहून राजापूरला जातो. "गाडीत शिरलो की मी आधी वैभववाडीवाला बघत नाही, रत्नागिरीवाला बघतो," तो म्हणाला. त्याच्यापाशी स्थळाचा गजर नव्हता, पण मी फोनच्या बाबतीत जे शिकले तेच त्याला माणसांच्या बाबतीत कधीचं ठाऊक होतं.

सासूबाईंचा प्रवास

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना रत्नागिरीला जायचं होतं. वय बहात्तर, सोबत कुणी नाही, कोकणकन्या एक्स्प्रेस, थ्री एसीचा साइड लोअर. एकटीनं जाणार हे त्यांनीच ठरवलं होतं, आणि त्यांना मिंधेपणाची सोबत नको होती. मग आम्ही दोघींनी बसून आखणी केली.

संध्याकाळी त्यांच्याच मोबाइलवरून 139 ला फोन करून इशारा नोंदवला. फोनमधलं रात्रीचं ‘डू नॉट डिस्टर्ब’ काढलं. त्या तारखेच्या वेळापत्रकात संगमेश्वर रोडची जी वेळ होती, तिच्या पंधरा मिनिटं आधीचा गजर त्यांच्या जुन्या टेबलाच्या घड्याळात लावला आणि ते घड्याळ हातरुमालात गुंडाळून उशाशी ठेवायला दिलं. रुमालातून आवाज त्यांना पुरे इतका येतो आणि शेजारच्यांची झोप मोडत नाही. फोनवरचा स्थळाचा गजर संगमेश्वरचाच लावला. दादरला बसवायला मी गेले तेव्हा आधी ठाण्याचा लावून दिला आणि वाजला तर मला फोन करा म्हणून सांगितलं. ठाण्याच्या थोडं आधी त्यांचा फोन आला: "वाजला गं." मग संगमेश्वर निवडून देणं त्यांच्या समोरच्या मुलीनं केलं. फोन खिडकीच्या कडेला ठेवला. अटेंडंटच्या हाती चिठ्ठी गेली. आणि ठाण्यात आमच्या घरी माझ्या नवऱ्यानं पहाटेचा गजर लावला. उठून गाडी कुठं आहे ते पाहायचं आणि ती संगमेश्वरला असताना आईला फोन करायचा. उक्षीनंतर करायचा नाही, कारण मग बोगदा.

बर्थखाली फक्त एक पिशवी, तीही साखळीशिवाय. मोठी बॅग आदल्या आठवड्यात पुढं पाठवली होती. झोपेतून उठून कुलूप चाचपत बसायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा विचार.

प्रत्यक्षात काय झालं ते त्यांनी सांगितलेलं. गाडी बावीस मिनिटं उशिरा होती. त्यामुळे घड्याळ वाजलं तेव्हा संगमेश्वर अजून बरंच दूर होतं. त्या उठून बसल्या, पाणी प्यायल्या. थोड्या वेळानं गाडी एका स्टेशनात थांबली. डब्यात दोघं जण गडबडीनं उठले, "रत्नागिरी आलं" म्हणत दाराकडे निघाले. सासूबाईंनी खिडकीला तोंड लावून पाहिलं. बाहेर पिवळी पाटी दिसेना, चहावाला नाही, दिवे दोन-तीन. गाडी क्रॉसिंगला थांबली होती. त्यांनी त्या दोघांना थांबवलं. गाडीत झोपून राहण्याइतकीच ही दुसरी चूक एकेरी मार्गावर होते: अर्धवट झोपेत माणूस भलत्याच स्टेशनावर उतरतो आणि गाडी निघून जाते. उतरण्यापूर्वी पाटी वाचावी, पाटी दिसत नसेल तर फोनवरचं ठिकाण पाहावं, दोन्ही नसेल तर दारातल्या माणसाला विचारावं.

संगमेश्वर आलं तेव्हा फोनचा गजर वाजला, त्याच सुमारास मुलाचा फोन आला, आणि पलीकडच्या बर्थवरची बाई उतरता उतरता म्हणाली, "काकू, आता पुढचं तुमचं." तिला त्यांनी रात्रीच सांगून ठेवलं होतं. हे आमच्या आखणीत नव्हतं. 139 चा इशारा उक्षीच्या आधी आला तेव्हा त्या संडासाला जाऊन येऊन पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अटेंडंट चादर घ्यायला आला, त्यानं चिठ्ठी परत दिली. बोगदा त्यांनी जागेपणी ऐकला.

म्हणजे पाच-सहा वाटांनी त्यांना उठवलं गेलं, आणि त्यातली एकच पुरली असती. मग एवढं कशाला, असं नवऱ्यानं विचारलं. याचं कारण असं की कुठली वाट बंद पडणार हे आदल्या रात्री कळत नाही. पण त्या सगळ्या एकाच कारणानं बंद पडणार नाहीत, एवढं आपल्या हाती असतं. बॅटरी गेली तर घड्याळ आहे, गाडीला उशीर झाला तर स्थळाचा गजर आहे, रेंज गेली तर पलीकडची बाई आहे. फोनवर चार गजर लावणं म्हणजे चार वाटा नव्हेत, ती एकच वाट चार वेळा मोजणं आहे.

तरीही चुकलं तर

स्टेशन सुटल्यावर जाग आली तर पहिला झटका दाराकडे धावायचा असतो. तो आवरावा. वेग घेतलेल्या गाडीतून उतरण्याइतकं कुठलंच स्टेशन मोलाचं नाही. झोप लागली म्हणून साखळी ओढणं हे सबळ कारण ठरत नाही. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 141 खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मागच्या गाड्यांचा खोळंबा होतो तो वेगळा. टीसीला आपण होऊन गाठावं, झालं ते सांगावं, पुढच्या थांब्यापर्यंतचं भाडं भरावं. घरी फोन करावा. फोन बंद असेल तर शेजाऱ्याच्या फोनवरून करावा. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचे हाल आपल्यापेक्षा जास्त असतात, कारण आपण कुठं आहोत हे त्याला माहीत नसतं. मी त्या पहाटे समोरच्या गृहस्थांचा फोन मागून घेतला, पण भावाचा नंबर मला पाठ नव्हता. तेव्हापासून एक नंबर कागदावर लिहून पर्समध्ये असतो.

रत्नागिरीला उतरून मी उलटी पॅसेंजर पकडली आणि उजेड पडल्यावर चिपळूणला पोहोचले. करबुड्याचा बोगदा दुसऱ्यांदा ओलांडताना मी खिडकीशी बसून होते.

सासूबाईंनी फलाटावरून फोन केला तेव्हा पाच वाजून गेले होते. पोहोचल्याचं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि हो, वरच्या बर्थवर राजापूरला उतरणारा एक मुलगा होता. उतरताना त्याला हलवून उठवलंय मी."